ताळेबंद जुळवायचा नाही, जुळू द्यायचा: तीन पत्रकांचं प्रोजेक्शन

प्रश्न: आमच्या छोट्या कारखान्याच्या टर्म लोनसाठी बँकेला पाच वर्षांचं प्रोजेक्शन द्यायचं आहे. एक्सेलमध्ये नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लो तिन्ही केलंय. पण ताळेबंद जुळत नाही, आणि फरक दरवर्षी वाढत जातो. सध्या फरकाची रक्कम 'रोख व बँक'मध्ये टाकून जुळवलंय, पण सीए म्हणतात हे चालणार नाही. तिन्ही पत्रकं नक्की जोडायची कशी आणि बरोबर जुळलंय हे तपासायचं कसं?

उत्तर:

सीए बरोबर सांगतायत. सगळ्यात आधी तो फरक रोखीतून काढून टाका. 'एकूण देणी वजा बाकीची मालमत्ता' हे सूत्र रोखीच्या ओळीत लिहिलं की ताळेबंद कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या जुळण्याला काही अर्थ उरत नाही. तुमच्या शीटमध्ये दहा चुका असल्या तरी दोन्ही बाजू सारख्याच दिसतील, कारण त्या दहाही चुका मुकाट्याने रोखीच्या आकड्यात जाऊन बसतात. बँकेचा अधिकारी मात्र नेमका तोच आकडा बघतो.

ताळेबंदातली रोख एकाच वाटेने यायला हवी: गेल्या वर्षाची रोख अधिक कॅश फ्लो पत्रकातली निव्वळ वाढ किंवा घट. ताळेबंदातल्या बाकीच्या सगळ्या ओळी रोखीकडे न बघता, आपापल्या हिशोबाने ठरतात. मग दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच आकड्यावर पोचल्या, तर ती खरी तपासणी.

असं होण्यासाठी एकच अट आहे. रोख सोडून ताळेबंदातल्या प्रत्येक ओळीत वर्षभरात जो बदल झाला, तो कॅश फ्लोमध्ये एकदा आणि एकदाच दिसला पाहिजे. फरक येतो तेव्हा यातलं काहीतरी मोडलेलं असतं: एखादा बदल कॅश फ्लोत आलेला नसतो, दोनदा आलेला असतो, उलट्या चिन्हाने आलेला असतो किंवा वेगळ्याच रकमेने आलेला असतो.

आधी खाती, मग पत्रकं

बहुतेक लोक तीन शीट उघडतात आणि एकातून दुसऱ्यात थेट सूत्रं ओढतात. त्यापेक्षा मध्ये एक हिशोबाचं शीट ठेवा. त्यात ताळेबंदातल्या प्रत्येक ओळीचं छोटं खातं मांडा: सुरुवातीची शिल्लक, वाढ, घट, अखेरची शिल्लक. हे खतावणीसारखंच आहे, फक्त वर्षाला एक रकाना. अखेरची शिल्लक ताळेबंदात जाते, वाढ आणि घट नफा-तोटा पत्रकात किंवा कॅश फ्लोत जातात. पत्रकांत स्वतःचं गणित जवळजवळ नसतंच, ती फक्त या खात्यांतून आकडे उचलतात.

टर्म लोनचं खातं असं दिसेल. D हा शेवटच्या प्रत्यक्ष वर्षाचा रकाना आणि E पहिल्या अंदाजित वर्षाचा.

```
Calc!E20  =D23                   सुरुवातीची शिल्लक
Calc!E21  =Inputs!E30            नवीन उचल
Calc!E22  =-Inputs!E31           परतफेड
Calc!E23  =SUM(E20:E22)          अखेरची शिल्लक
Calc!E24  =E20*Inputs!$C$32      व्याज

BS!E20    =Calc!E23
CF!E25    =Calc!E21
CF!E26    =Calc!E22
CF!E27    =-Calc!E24
PL!E12    =Calc!E24
```

D23 मध्ये प्रत्यक्ष ताळेबंदातली शिल्लक जोडायची. E चा रकाना पूर्ण झाला की उजवीकडे ओढायचा. प्रत्येक ओळीत पहिल्या अंदाजित वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत एकच सूत्र असलं पाहिजे. मध्येच एखाद्या वर्षी हाताने आकडा टाकलेला असेल, तर सहा महिन्यांनी तो सापडणार नाही.

स्थिर मालमत्तेच्या खात्यात सुरुवातीची निव्वळ किंमत, खरेदी, घसारा आणि विक्री. राखीव निधीच्या खात्यात सुरुवात, करानंतरचा नफा, लाभांश. कराच्या खात्यात सुरुवातीचं देणं, वर्षाचा कर, प्रत्यक्ष भरणा. डेटर्स, स्टॉक आणि क्रेडिटर्सचा क्रम थोडा वेगळा आहे. तिथे अखेरची शिल्लक दिवसांवरून आधी ठरते आणि रोखीवरचा परिणाम दोन शिलकांच्या फरकातून निघतो.

एक वर्ष आकड्यांनी

सुट्या भागांचा एक छोटा कारखाना घेऊ, सगळे आकडे लाख रुपयांत. ३१ मार्च २०२५ ला स्थिर मालमत्ता ४००, स्टॉक ९०, डेटर्स १५० आणि रोख ४०, म्हणजे एकूण मालमत्ता ६८०. दुसऱ्या बाजूला भांडवल २००, राखीव निधी १९०, टर्म लोन २००, क्रेडिटर्स ८०, कराचं देणं १०. तेही ६८०.

२०२५-२६ चा अंदाज असा. विक्री १४६०, कच्चा माल ८७६, पगार, वीज वगैरे बाकी खर्च ३९४. घसारा आणि व्याजाआधीचा नफा १९० उरला. घसारा ५०, व्याज २० (सुरुवातीच्या २०० वर १० टक्के), म्हणून करपूर्व नफा १२०. कर सोयीसाठी २५ टक्के धरला, म्हणजे ३० आणि करानंतरचा नफा ९०. त्यातून लाभांश २० दिला, तर राखीव निधी १९० वरून २६० वर गेला.

आता खेळतं भांडवल. विक्री दिवसाला ४ लाख पडते, म्हणून ४५ दिवसांचे डेटर्स १८०. कच्चा माल दिवसाला २.४ लाख, म्हणून ५० दिवसांचा स्टॉक १२० आणि ४० दिवसांचे क्रेडिटर्स ९६. वर्षात ८० लाखांची मशिनरी घेतली, त्यासाठी ५० लाख नवीन कर्ज उचललं आणि जुन्यातले ४० फेडले. कराचं मागचं १० लाखांचं देणं फेडलं आणि यंदाच्या ३० पैकी २५ अग्रिम कराच्या हप्त्यांत भरले, म्हणजे एकूण भरणा ३५ आणि अखेरचं देणं ५.

कॅश फ्लो करपूर्व नफ्यापासून सुरू करू. १२० मध्ये घसारा ५० आणि व्याज २० परत मिळवले की १९० होतात. स्टॉक वाढला म्हणून वजा ३०, डेटर्स वाढले म्हणून वजा ३०, क्रेडिटर्स वाढले म्हणून अधिक १६. राहिले १४६. कर भरला ३५, म्हणजे कामकाजातून १११ लाख आले. मशिनरीत ८० गेले. वित्तपुरवठ्यात अधिक ५०, वजा ४०, व्याज वजा २०, लाभांश वजा २०, एकूण वजा ३०. निव्वळ वाढ १ लाख. रोख ४० ची ४१ झाली.

नफा ९० लाख आणि रोख वाढली १ लाख. पहिल्यांदा मॉडेल करणाऱ्याला इथे काहीतरी चुकलंय असं वाटतं आणि तो सूत्रं खणायला लागतो. चुकलेलं काही नाही. ८० मशिनरीत गेले, ६० स्टॉक आणि उधारीत अडकले, त्या मानाने क्रेडिटर्सनी १६ चाच आधार दिला.

अखेरचा ताळेबंद मांडा. मालमत्तेत ४३० + १२० + १८० + ४१ = ७७१. देण्यांत २०० + २६० + २१० + ९६ + ५ = ७७१. रोखीचा आकडा कुठेही बसवावा लागला नाही.

हीच गोष्ट मी नेहमी एका छोट्या तक्त्यात मांडायला सांगतो, कारण फरक शोधायला याच्याइतकं उपयोगी काही नाही. मालमत्तेच्या ओळीला सुरुवात वजा अखेर, देण्याच्या ओळीला अखेर वजा सुरुवात.

| ओळ | सुरुवात | अखेर | रोखीवर परिणाम | कॅश फ्लोत कुठे |
|---|---|---|---|---|
| स्थिर मालमत्ता | ४०० | ४३० | −३० | घसारा +५०, खरेदी −८० |
| स्टॉक | ९० | १२० | −३० | कामकाज |
| डेटर्स | १५० | १८० | −३० | कामकाज |
| भांडवल | २०० | २०० | ० | – |
| राखीव निधी | १९० | २६० | +७० | नफा +९०, लाभांश −२० |
| टर्म लोन | २०० | २१० | +१० | उचल +५०, परतफेड −४० |
| क्रेडिटर्स | ८० | ९६ | +१६ | कामकाज |
| कराचं देणं | १० | ५ | −५ | वर्षाचा कर +३०, भरणा −३५ |

चौथ्या रकान्याची बेरीज +१. शेवटच्या रकान्यात कॅश फ्लोतले आकडे सूत्राने जोडा आणि दोन्ही रकान्यांचा फरक ओळीगणिक काढा. ज्या ओळीत शून्य येत नाही, चूक तिथे आहे. ताळेबंदाची एकूण तपासणी फक्त 'चूक आहे' इतकंच सांगते, हा तक्ता तिचा पत्ता सांगतो. व्याज या तक्त्यात दिसत नाही, कारण ते कामकाजात अधिक २० आणि वित्तपुरवठ्यात वजा २० असं दोनदा येऊन मिटतं.

फरक काय बोलतो

फरक नेहमी एकाच दिशेने काढा: मालमत्ता वजा देणी. तपासणीची ओळ अशी:

```
Check!E5  =ROUND(BS!E14-BS!E26,2)
Check!E6  =IF(Check!E5=0,0,1)
Check!C1  =SUM(E6:I6)
```

ROUND हवा, कारण एक्सेल दशांश आकड्यांच्या बेरजेत कधीकधी दहा-बारा स्थळांनंतर कचरा सोडतं आणि शून्याच्या जागी 1.1E-13 असं काही दाखवतं. पण शून्य स्थळांपर्यंत ROUND करू नका. आकडे लाखात असताना तसं केलं की ४० हजारांची चूक शून्य दिसते. आणि C1 मध्ये फरकांची थेट बेरीज घेऊ नका, एका वर्षाचा +५ आणि दुसऱ्या वर्षाचा −५ मिळून शून्य होतील. म्हणून मध्ये ०/१ ची ओळ.

तुमचा फरक दरवर्षी वाढतो, ही खूण महत्त्वाची आहे. पाचही वर्षं फरक तोच राहत असेल, तर चूक एकदाच घडलेली असते. बहुतेकदा शेवटच्या प्रत्यक्ष वर्षाचा ताळेबंद टाइप करताना. तो रकाना आधी तपासा, तिथेच दोन बाजू जुळत नसतील तर पुढे कधीच जुळणार नाहीत. (तिथला फरक ९ ने भागला जात असेल तर ५४ चे ४५ झाल्यासारखी आकड्यांची अदलाबदल बघा, ही जुन्या मुनिमांची युक्ती अजून चालते.) फरक वाढत जात असेल तर चूक प्रवाहात आहे आणि दरवर्षी नव्याने घडते आहे. अशा वेळी एकूण फरक न बघता यंदाचा फरक वजा गेल्या वर्षीचा फरक काढा. तो आकडा त्या वर्षीच्या चुकीचा असतो.

वरच्याच उदाहरणात काही चुका मुद्दाम करून बघू. डेटर्सची वाढ वजा करण्याऐवजी मिळवली, तर रोख ४१ ऐवजी १०१ दिसेल आणि फरक +६० येईल, म्हणजे ३० च्या दुप्पट. चिन्ह उलटं पडलं की फरक नेहमी दुप्पट येतो. म्हणून फरक दिसला की तो आकडा आणि त्याचा निम्मा, दोन्ही शीटमध्ये शोधा. तुमच्यासारखा वाढता फरक असेल तर मी सगळ्यात आधी हीच शंका घेईन, कारण विक्री वाढते तसे डेटर्स दरवर्षी वाढतात आणि फरकही त्यांच्यासोबत चढतो.

कॅश फ्लो करानंतरच्या नफ्यापासून सुरू केला आणि तरीही खाली 'कर भरला ३५' ही ओळ ठेवली, तर कर दोनदा वजा झाला. फरक −३०. करपूर्व नफ्यापासून सुरू केलं असेल तर भरलेला कर वजा करायचा, करानंतरच्या नफ्यापासून केलं असेल तर फक्त कराच्या देण्यातला बदल, इथे −५, घ्यायचा. दोन्ही पद्धती चालतात, त्यांची सरमिसळ चालत नाही. आणि करपूर्व नफ्यापासून सुरू करून भरलेल्या कराऐवजी वर्षाचा कर ३० वजा केला, तर फरक +५.

करानंतरच्या नफ्यापासून सुरू करून व्याज वित्तपुरवठ्यात पुन्हा वजा केलं, पण वर परत मिळवायचं राहून गेलं, तर फरक −२०. लाभांश कॅश फ्लोत वजा झाला पण राखीव निधीतून काढला नाही, तरीही फरक −२०. म्हणजे एकच आकडा, कारणं दोन. अशा वेळी सूत्रं वाचत बसू नका, इनपुट हलवा. लाभांश २० चा २३ करा. फरक −२३ झाला तर चोर लाभांशात आहे. −२० च राहिला तर व्याजाकडे वळा. हीच रीत सगळीकडे वापरता येते: खरेदी शून्य करा, परतफेड शून्य करा, दिवस बदला, आणि प्रत्येक वेळी फरक हलतो का बघा. ज्या इनपुटबरोबर फरक हलतो, त्याच्या साखळीत एक कडी तुटलेली आहे. पाच मिनिटांत सापडतं.

जुनी मशीन विकण्यात लोक हमखास अडखळतात. समजा पुस्तकी किंमत १२ आणि विकून आले १५. स्थिर मालमत्तेच्या खात्यातून १२ जातात, १५ नाही. फायदा ३ नफा-तोटा पत्रकात येतो, तो कामकाजात वजा करायचा, आणि गुंतवणुकीत पूर्ण १५ दाखवायचे. ३ वजा करायचे राहिले तर ते दोनदा मोजले जातात आणि फरक +३. खात्यातून १५ काढले तर फरक −३.

आणखी एक चूक आपल्याकडच्या ताळेबंदाच्या नमुन्यामुळे घडते. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे टर्म लोनचा पुढच्या बारा महिन्यांत फेडायचा भाग अल्पमुदतीच्या कर्जांत दाखवावा लागतो. म्हणजे वरचं २१० चं कर्ज ताळेबंदात समजा १६५ आणि ४५ असं फुटतं, गेल्या वर्षी ते १६० आणि ४० होतं. ज्यांनी 'चालू देण्यांतला एकूण बदल' असं सूत्र लिहून खेळतं भांडवल काढलंय, त्यांच्याकडे ४० चे ४५ झाल्याचे ५ कामकाजात रोख म्हणून येतात, आणि वित्तपुरवठ्यात पूर्ण कर्जाचा बदलही येतो. फरक +५. उपाय सोपा आहे. हिशोबाच्या शीटमध्ये कर्जाचं एकच खातं ठेवा आणि ते फोडायचं काम फक्त ताळेबंदाच्या मांडणीत, पुढच्या वर्षाची परतफेड बघून करा. खेळत्या भांडवलाचं सूत्र बेरजेवरून लिहू नका, ओळीवार लिहा.

मुदत कर (डिफर्ड टॅक्स) धरला असेल तर त्यालाही स्वतःचं खातं द्या. नफा-तोटा पत्रकात चालू कर आणि मुदत कर दोन्ही येतात, पण मुदत करात रोख जात नाही, फक्त देणं वाढतं किंवा कमी होतं.

सीसी आणि व्याजाचं चक्र

पाच वर्षांच्या प्रोजेक्शनमध्ये एखाद्या वर्षी रोख उणे होणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं. ताळेबंद तरीही जुळतो. वजा ३५ लाख रोख असलेला ताळेबंद गणिताने बरोबर असतो आणि प्रत्यक्षात अशक्य. तिथे कॅश क्रेडिट आणावं लागतं, तेही सूत्राने.

समजा किमान रोख २५ हवी आहे. दुसऱ्या वर्षी सुरुवातीचे ४१ आणि सीसी सोडून वर्षाचा प्रवाह वजा ७६, म्हणजे उरतात वजा ३५. सीसी ६० उचलावी लागेल. तिसऱ्या वर्षी सुरुवातीचे २५ आणि प्रवाह अधिक ५०, म्हणजे ७५. किमान २५ ठेवून ५० फेडता येतील, सीसी १० वर येईल. उचल आणि परतफेड एकाच सूत्रात बसते:

```
Calc!E41  =MAX(-E40, Inputs!$C$40-(CF!E35+CF!E32))
Calc!E42  =E40+E41
```

E40 सीसीची सुरुवातीची शिल्लक, C40 किमान रोख, CF!E35 सुरुवातीची रोख, CF!E32 सीसी सोडून वर्षाचा एकूण प्रवाह. MAX मधलं −E40 हे सांगतं की जितकं घेतलंय त्याहून जास्त फेडता येत नाही. ते विसरलात तर चांगल्या वर्षी सीसी उणे होते, आणि ताळेबंद तरीही जुळतो.

शेजारी ड्रॉइंग पॉवर काढून ठेवा. मार्जिन किती ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. स्टॉक अधिक डेटर्स वजा क्रेडिटर्सवर २५ टक्के मार्जिन धरलं, तर पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर २०४ चे ७५ टक्के, म्हणजे १५३ लाख. सूत्राने मागितलेली सीसी याच्या किंवा मंजूर मर्यादेच्या वर गेली, तर ती मर्यादेवर कापून मॉडेल गप्प करू नका. लाल इशारा येऊ द्या. तिथे योजनाच बदलायला हवी: खरेदी पुढे ढकलणं, लाभांश कमी करणं किंवा भांडवल आणणं.

आता व्याज. ते सरासरी शिलकेवर काढलं की चक्र तयार होतं: व्याजावरून नफा, नफ्यावरून रोख, रोखीवरून सीसी, सीसीवरून पुन्हा व्याज. एक्सेल लगेच 'circular reference' चा इशारा देतं. बँकेच्या प्रस्तावासाठी माझा सल्ला सरळ आहे: व्याज सुरुवातीच्या शिलकेवर काढा आणि चक्र टाळा. वर्षात सीसी खूप वाढत असेल तर व्याज थोडं कमी दिसेल. ते गृहीतकांत एका ओळीत लिहून टाका. सरासरीच हवी असेल तर File > Options > Formulas मध्ये Enable iterative calculation चालू करा आणि व्याजाला एक स्विच द्या:

```
=IF(Inputs!$C$2=1, AVERAGE(E40,E42), E40)*Inputs!$C$41
```

स्विच नसेल तर कधीतरी कुठल्यातरी सेलमध्ये #VALUE! येतं, ते चक्रात शिरतं आणि मूळ चूक दुरुस्त केल्यावरही बाहेर पडत नाही, कारण प्रत्येक सेल दुसऱ्याकडून तीच त्रुटी परत घेत राहतो. स्विच ० केला की चक्र तुटतं, आकडे परत येतात, मग पुन्हा १ करायचा. पुनरावृत्ती चालू असताना नकळत तयार झालेलं दुसरं चक्रही एक्सेल सांगत नाही, हा त्यातला खरा धोका.

शून्य आलं, तरीही

फरक शून्य म्हणजे तिन्ही पत्रकं एकमेकांशी खरं बोलतायत, एवढंच. ती जगाशी खरं बोलतायत की नाही, हे त्यातून कळत नाही. डेटर्सचे दिवस ४५ ऐवजी ९० टाका, ताळेबंद तितक्याच आनंदाने जुळेल.

यात जीएसटीचा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. विक्री जीएसटी सोडून लिहिली जाते, पण डेटर्सच्या शिलकेत जीएसटी धरलेला असतो. मागच्या ताळेबंदावरून दिवस काढले असतील तर तो फुगवटा दिवसांतच येतो आणि पुढेही तसाच चालतो, हरकत नाही. पण ग्राहकाशी ठरलेले ४५ दिवस घेऊन ते जीएसटी सोडलेल्या विक्रीला लावले, तर १८ टक्क्यांच्या मालावर डेटर्स १८० ऐवजी २१२.४ असायला हवे होते. ३२.४ लाख रुपये कमी अडकलेले दिसतात. क्रेडिटर्समध्ये याच्या उलट घडतं आणि काही भाग भरून निघतो, सगळा नाही.

म्हणून तपासणीच्या शीटवर ताळेबंदाच्या ओळीखाली आणखी काही ओळी ठेवा, त्याच ०/१ पद्धतीने. रोख किमान रकमेच्या खाली जात नाही ना. कोणत्याही कर्जाची शिल्लक उणे होत नाही ना, परतफेड चुकीच्या वर्षातून उचलली गेली की ती होते. स्थिर मालमत्तेची निव्वळ किंमत उणे होत नाही ना. राखीव निधीतला बदल करानंतरचा नफा वजा लाभांश इतकाच आहे ना. नफा-तोटा पत्रकातलं व्याज आणि कर्जाच्या सगळ्या खात्यांतल्या व्याजाची बेरीज सारखी आहे ना. ही शेवटची तपासणी कर्जफेडीच्या गुणोत्तरासाठी लागते. वरच्या उदाहरणात ते (९० + ५० + २०) भागिले (२० + ४०), म्हणजे २.६७ येतं. नवीन कर्जाचं व्याज जोडायचं राहून गेलं, तर ताळेबंद जुळेल आणि हे गुणोत्तर मात्र खोटं चांगलं दिसेल.

प्रत्यक्ष वर्षांवरही एकदा कॅश फ्लो चालवून बघा. शेवटच्या दोन ताळेबंदांवरून तुमच्या सूत्रांनी काढलेली रोखीतली वाढ ऑडिट झालेल्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर बहुतेकदा 'रोख व बँक'मध्ये बँक गॅरंटीसाठी अडकवलेल्या मुदत ठेवी मिसळलेल्या असतात. त्यांची ओळ वेगळी करा, ती रोख पगार द्यायला वापरता येत नाही.

बँकेकडे पाठवण्याआधी इनपुट मुद्दाम वेडेवाकडे करा: विक्रीत ३० टक्के घट, डेटर्सचे दिवस शून्य, लाभांश नफ्याहून जास्त, एका वर्षी खरेदी दहापट. आकडे हास्यास्पद दिसतील, इशारे लाल होतील, पण ताळेबंदाचा फरक प्रत्येक वेळी शून्यच राहिला पाहिजे. एखाद्या खेळीत तो हलला तर तिथे एखादं सूत्र ठरावीक आकड्यावर अडकलेलं आहे किंवा एखाद्या ओळीत उणे आकड्याची सोय केलेली नाही. तोट्याच्या वर्षातला कर बहुतेकदा यातच सापडतो: नफा-तोटा पत्रकात MAX लावून कर शून्य केलेला असतो, आणि कराच्या खात्यात मात्र उणे करच जात असतो.